पळतच सुटलेला विंगर

सोसायटीच्या ऑनलाइन फुटबॉल लीगची उपांत्य फेरी. ७८वं मिनिट, १-१ अशी बरोबरी. माझ्या भाच्याचा विंगर उजव्या कडेने चेंडू घेऊन निघाला. आता तो आत वळणार आणि क्रॉस मारणार, असं वाटत असतानाच तो सरळ पळत राहिला आणि चेंडूसकट मैदानाबाहेर गेला. भाचा बटणं दाबत होता, काडी उलटीकडे ओढत होता, पण पडद्यावर काहीच बदलत नव्हतं. मग कंट्रोलर डिसकनेक्ट झाल्याची पाटी आली. काही सेकंदांत तो आपोआप परत जोडला गेला, पण ऑनलाइन सामना कुणासाठी थांबत नाही. पुढच्याच चढाईत गोल खाल्ला आणि सामना गेला.

"मामा, सरावाला कधीच होत नाही. मॅचलाच होतं," असं तो रडवेला होऊन म्हणाला. घरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. मला मात्र त्या एका वाक्यातच अर्धं उत्तर दिसत होतं, कारण यंत्राला सराव आणि सामना यांतला फरक कळत नाही. फरक पडत असेल, तर सामन्याच्या वेळी खोलीत आणखी काहीतरी चालू होत असणार.

आधी तो विंगर पळत का राहिला, ते पाहू. बिनतारी कंट्रोलर दर सेकंदाला कितीतरी वेळा आपली स्थिती कळवत असतो: काडी कुठे आहे, कोणतं बटण दाबलेलं आहे. ही माहिती येणं थांबलं की संगणक लगेच संपर्क तुटल्याचं जाहीर करत नाही, काही काळ वाट पाहतो. त्या मधल्या वेळात बऱ्याचदा शेवटचा निरोपच खरा धरला जातो. शेवटचा निरोप 'उजवीकडे पळ' असा होता, म्हणून खेळाडू पळत राहिला. खेळाडू असा अडकून पळतो तेव्हा कंट्रोलर बहुधा जिवंत असतो आणि बोलतही असतो. त्याचं बोलणं पोचत नसतं, इतकंच.

म्हणून मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "तुटलं तेव्हा कंट्रोलरवरचा दिवा चालू होता का?" त्याला आठवेना. कुणालाच आठवत नाही, कारण त्या क्षणी डोळे पडद्यावर असतात. पण निदान तिथूनच सुरू होतं. दिवा पूर्ण विझला असेल, तर संशय बॅटरीवर. दिवा लागलेला असेल किंवा थोडा लुकलुकून आपोआप स्थिर झाला असेल, तर संशय लहरींच्या अडथळ्यावर. दिवा लुकलुकतच राहिला आणि कंट्रोलर जोडलाच गेला नाही, तर पेअरिंगवर. मी शेजारी बसलो आणि नजर फक्त दिव्यावर ठेवली. दुसऱ्या सामन्यात पुन्हा तसंच झालं. दिवा विझला नाही.

मग मी टेबलाखाली वाकून पाहिलं. संगणकाचं कॅबिनेट जमिनीवर, भिंतीला टेकलेलं. त्याच्या मागच्या बाजूला ब्लूटूथचं नखाएवढं डोंगल आणि त्याला जवळजवळ चिकटून, शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये, बाहेरच्या हार्ड डिस्कची वायर. "ही डिस्क कशाला?" तर तो म्हणाला, "मॅच रेकॉर्ड करतो ना, त्या हिच्यावर जातात." सरावाचं रेकॉर्डिंग तो करत नव्हता. सामन्याचं करत होता.

निळा पोर्ट म्हणजे बहुधा यूएसबी ३.०. त्यातून सेकंदाला ५ अब्ज बिट या वेगाने माहिती जाते. इतक्या वेगाने विजेचे स्पंद उठले की वायर आणि जोडणीच्या तोंडातून थोडा रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, आणि तो ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातही येतो. हे काही ऐकीव नाही. इंटेल कंपनीने २०१२ साली यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. डिस्क झोपलेली असते तेव्हा ती वाहिनीही बरीचशी शांत असते. रेकॉर्डिंग सुरू झालं की डिस्कवर सतत लिहिलं जातं, आणि डोंगलच्या कानाशी कालवा सुरू होतो.

इथे एक प्रश्न मनात येतो. इमारतीत पंधरा घरांचे वायफाय याच पट्ट्यात चालतात, त्यांनी का तुटत नाही? कारण ब्लूटूथ एका जागी बसून बोलत नाही. २४०२ ते २४८० मेगाहर्ट्झमध्ये त्याच्या ७९ जागा आहेत आणि ते सेकंदाला १६०० वेळा जागा बदलू शकतं. २००३ साली आलेल्या १.२ आवृत्तीपासून तर गजबजलेल्या जागा ओळखून त्या टाळण्याची सोय आहे. शेजारचा वायफाय साधारण २० जागा अडवतो, ब्लूटूथ उरलेल्यांवर निभावून नेतं. मंडपात एका कोपऱ्यात मोठ्याने गप्पा चालल्या असतील तर आपण उठून दुसरीकडे बसतो, तसं. पण यूएसबीचा गोंगाट एका कोपऱ्यात नसतो, तो सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो. ताशा कानाशीच वाजत असेल तर मंडपात कुठेही बसा, समोरच्याचं ऐकू येणार नाही. उड्या मारायला मोकळी जागाच उरत नाही.

त्यात कंट्रोलरचा आवाज मुळात बारीक, आणि बॅटरी वाचवण्यासाठी तो तसाच ठेवलेला असतो. वर डोंगल कॅबिनेटच्या पत्र्यामागे, मध्ये टेबल, आणि कंट्रोलर धरणारा माणूस. शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. म्हणजे आवाज दुबळा होऊन पोचतो आणि पोचतो तिथे गोंगाट. दोन्ही एकत्र आल्यावर दुवा तुटतो.

पण अंदाजावर विसंबून वस्तू विकत आणू नयेत, आधी पारख करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी कॅबिनेट पुढे ओढलं आणि भाच्याला त्याच्या मागेच जमिनीवर बसवलं, कंट्रोलर डोंगलपासून वीतभर अंतरावर. रेकॉर्डिंग चालू. अर्धा तास एकदाही तुटलं नाही. ही पारख फार कामाची आहे. जवळ आल्यावर दोष जात असेल तर तो लहरींचा, कारण बॅटरी किंवा पेअरिंगला अंतराशी देणंघेणं नसतं. मग तो नेहमीच्या खुर्चीवर बसला, रेकॉर्डिंग बंद. ठीक. रेकॉर्डिंग चालू केलं आणि दहा मिनिटांच्या आत विंगर पुन्हा पळत सुटला.

उपाय साधा निघाला: एक मीटरची यूएसबी २.० एक्स्टेंशन केबल. डोंगल तिच्या टोकाला लावून टेबलाच्या वरच्या कडेला चिकटपट्टीने बसवलं. आता ते डिस्कपासून दूर आलं आणि कंट्रोलरला समोरासमोर दिसू लागलं. हा गोंगाट अंतराबरोबर झपाट्याने विरतो, त्यामुळे थोडंसं सरकवल्यानेही फरक पडतो. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आतच असल्याने ते हलवता येत नाही. तिथे डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावावी आणि वायरीच्या लांबीइतकी दूर ठेवावी. घरातला वायफाय ५ गिगाहर्ट्झवर नेता आला तर तेवढी गर्दीही कमी होते.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग त्याचा फोन आला, "मामा, परत तुटलं, पण या वेळी दिवा विझला." मी विचारलं, नेमकं कधी? चेंडू गोलखांबाला आदळला तेव्हा. आदल्या दिवशी एकदा झालं होतं, तेव्हा जोरदार टॅकल होता.

दोन्ही वेळा कंट्रोलर थरथरतो. आतल्या दोन छोट्या मोटरी एकदम वीज ओढतात. लिथियमची बॅटरी भरलेली असताना ४.२ व्होल्टच्या आसपास असते आणि उतरत ३ च्या जवळ आली की कंट्रोलर स्वतःला बंद करतो. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. शांत असताना ती ठीकठाक व्होल्ट दाखवते, म्हणून पडद्यावर दोन रेघा दिसतात, पण मोटरींनी ओढ दिली की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि कंट्रोलर गप्प होतो. याची पारख म्हणजे सेटिंगमधून व्हायब्रेशन बंद करून खेळून पाहणं. त्याचं तुटणं थांबलं. बॅटरी तीन वर्षांची होती आणि कंट्रोलर रोज रात्रभर चार्जिंगला असायचा. दुरुस्तीवाल्याकडून ती बदलून घेतली. कंट्रोलरची पाठ फुगलेली वाटली, सांधा उघडत असेल, तर मात्र तो चार्जिंगला लावूच नये. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

पेअरिंगला लोक सगळ्यात आधी दोष देतात, पण सामन्याच्या मध्यात तुटण्याचं ते क्वचितच मूळ कारण असतं. ते दगा देतं परत जुळताना. अनेक कंट्रोलर एकाच यंत्राचा पत्ता लक्षात ठेवतात. तो मित्राच्या कन्सोलला एकदा जोडला की तुमच्या संगणकाचा पत्ता पुसला जातो, आणि संगणकाच्या यादीत मात्र जुनी नोंद तशीच राहते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबून काही होत नाही. संगणकाच्या ब्लूटूथ यादीतून ते नाव काढून टाकायचं, कंट्रोलर पेअरिंगच्या अवस्थेत नेऊन नव्याने जोडायचा. विंडोजमध्ये आणखी एक जागा पाहावी. Device Manager मध्ये ब्लूटूथच्या नोंदीवर Power Management हा भाग असेल, तर `Allow the computer to turn off this device to save power` समोरची खूण काढून टाकावी. नाहीतर संगणकच वीज वाचवायला डोंगल झोपवू शकतो.

पुढच्या हंगामात भाचा अंतिम फेरीत पोचला. डोंगल जागेवर, बॅटरी नवी, तरी त्या दिवशी आम्ही वायर लावली. फक्त चार्जिंगची नव्हे, माहिती नेणारी, तीन मीटर लांब. आदल्या रात्री तिने एक पूर्ण सामना खेळून पाहिला. मग ती टेबलाच्या पायाला सैलसर बांधली, म्हणजे तो गोलच्या आनंदात उठून उभा राहिला तरी पिन ओढली जाणार नव्हती.