बासष्टचे पासष्ट की साठ?

दिवाळीच्या आधी महिनाभर घरगुती फराळाचा व्यवसाय करणाऱ्यांची वही उघडते आणि भाव ठरवायची वेळ येते. हल्ली ही वही बहुतेक ठिकाणी एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये असते. पोहे, तेल, शेंगदाणे, गॅस, पिशवी, मजुरी असा सगळा खर्च धरून एका पुडीला काय पडले ते एका रकान्यात लिहायचे, त्यावर ठरलेले टक्के चढवायचे, की दुसऱ्या रकान्यात विक्रीचा भाव येतो. हा भाव मात्र ६२ रुपये, ७१ रुपये २५ पैसे किंवा ४० रुपये ६३ पैसे असा काहीतरी निघतो. असा भाव फलकावर लावता येत नाही. सुटे पैसे कोणाकडेच नसतात आणि संध्याकाळच्या गर्दीत दोन-तीन रुपयांसाठी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणे परवडत नाही. म्हणून भाव पुढच्या पाचाच्या पटीत नेण्याची पद्धत आहे. हे काम करणारी म्हणून एक्सेलमधली दोन सूत्रे एका दमात सांगितली जातात. ती एकसारखी नाहीत, आणि त्यांच्यातला फरक थेट गल्ल्यात दिसतो.

पाव किलो चिवड्याची पुडी घेऊ. पुडीला खर्च ४९ रुपये ६० पैसे आला आणि त्यावर पंचवीस टक्के चढवायचे ठरले, तर भाव बरोबर ६२ रुपये होतो. हा आकडा C2 या चौकटीत आहे असे धरा. आता शेजारच्या चौकटीत यापैकी एक सूत्र लिहायचे:

```
=CEILING(C2,5)
=MROUND(C2,5)
```

पहिल्याचे उत्तर ६५ येते, दुसऱ्याचे ६०. CEILING नेहमी वर चढते. ६० रुपये १० पैसे असोत की ६४ रुपये ९० पैसे, उत्तर ६५च. आकडा मुळातच पाचाच्या पटीत असेल, म्हणजे ६० असेल, तर तो ६०च राहतो, उगाच पुढे ढकलला जात नाही. MROUND मात्र जवळची पट शोधते. ६२ला ६० दोन रुपयांवर आहे आणि ६५ तीन रुपयांवर, म्हणून ती खाली उतरते. ६२ रुपये ५० पैसे असते तर अगदी मध्यावरचा आकडा म्हणून ती वर गेली असती. चकलीचा भाव ८३ निघाला तर दोन्ही सूत्रे ८५च देतात. घोटाळा होतो तो इथेच. पहिल्या दोन-तीन ओळी पडताळताना असे आकडे समोर आले, की दोन्ही सूत्रे सारखीच आहेत असा समज होतो आणि बाकीचा रकाना न बघता खाली ओढला जातो.

चिवड्याच्या पुडीवर ६२च्या भावाने १२ रुपये ४० पैसे सुटणार होते. ६० लावले की १० रुपये ४० पैसेच सुटतात. दोनशे पुड्या गेल्या तर ४०० रुपये कमी आले, आणि वहीत कुठेही चूक दिसत नाही, कारण सूत्राने सांगितलेले काम चोख केलेले असते. पूर्ण रुपयांतले भाव घेतले तर पाचाच्या पटीपुढे शून्य ते चार अशी पाच प्रकारची बाकी उरू शकते. CEILING त्यावर अनुक्रमे शून्य, चार, तीन, दोन आणि एक रुपया चढवते, म्हणजे सरासरी दोन रुपये. MROUNDची वजाबाकी आणि बेरीज एकमेकांत फिटून सरासरी शून्यावर येते. त्यामुळे पुष्कळ प्रकारचा माल सारख्याच प्रमाणात खपत असेल तर MROUND हा गिऱ्हाइकाशी प्रामाणिक हिशेब आहे, असे मी मानतो. पण फराळाच्या व्यवसायात माल पाच-सहा प्रकारचाच असतो आणि खप एक-दोन पदार्थांवर एकवटलेला असतो. नेमका तोच पदार्थ खाली उतरला, तर बाकीच्यांची वाढ ती भरून काढत नाही. तिथे CEILINGच हवे.

CEILING वापरतानाही एक गोष्ट सांभाळावी लागते. शेवेचा दहा किलोचा घाणा काढला, त्याचा खर्च १,९२० रुपये ५ पैसे आला आणि पाव किलोच्या ४० पुड्या झाल्या. एका पुडीचा खर्च आणि वर पंचवीस टक्के मिळून ६०.००१५ असा आकडा येतो. पडद्यावर दोन दशांश स्थळे ठेवलेली असल्याने तिथे ६०.०० दिसते. CEILING मात्र पडद्यावरचा आकडा बघत नाही, चौकटीतला खरा आकडा बघते. तो साठपेक्षा पैशाच्याही छोट्या अंशाने जास्त असल्यामुळे उत्तर ६५ येते. साठ रुपयांचा माल पासष्टला का गेला, हे समोर बसून कितीही पाहिले तरी कळत नाही. चौकटीतला दिसणारा आकडा आणि असणारा आकडा वेगळा असू शकतो, हे लक्षात ठेवले की उकल होते. उपाय सोपा आहे. आधी आकडा जवळच्या रुपयात आणायचा आणि मगच वर चढवायचे:

```
=CEILING(ROUND(C2,0),5)
```

आतले ROUND ५० पैशांच्या आतली वरकड सोडून देते. त्यामुळे ६० रुपये १० पैशांचा माल ६० लाच राहतो आणि दहा पैशांसाठी गिऱ्हाइकाकडून पाच रुपये घेतले जात नाहीत. दुकानदाराचे यात एका नगामागे पन्नास पैशांहून कमी जाते. मला हा सौदा न्याय्य वाटतो. ज्यांना MROUNDच वापरायचे आहे त्यांनी त्यात दोन मिळवावेत, म्हणजे =MROUND(C2+2,5) असे लिहावे. ६० रुपये ४० पैशांचे ६२.४० होऊन उत्तर ६० येते आणि ६१चे ६३ होऊन ६५ येते. वरच्या सूत्राचेच काम हेही करते. तरी मी CEILING पसंत करीन, कारण सहा महिन्यांनी वही उघडणाऱ्या माणसाला ते +२ कशासाठी आहेत हे आठवणार नाही.

पाचाची पायरी सगळ्या मालाला शोभत नाही. बेसन लाडवाच्या अर्ध्या किलोच्या डब्याचा भाव २११ निघाला आणि २१५ लावला तर वाढ दोन टक्क्यांहून कमी असते, कोणाला जाणवत नाही. खाऱ्या शेंगदाण्यांच्या पन्नास ग्रॅमच्या पुडीला ८ रुपये ९० पैसे खर्च येऊन भाव ११ रुपये १३ पैसे निघतो. तो CEILINGने थेट १५ होतो. ही वाढ जवळजवळ पस्तीस टक्के आहे, आणि पुडीकडे कोणी फिरकणार नाही. MROUNDने १० केला तर सुटणारे २ रुपये २३ पैसे १ रुपया १० पैशांवर येतात. दोन्ही उत्तरे वाईट. अशा छोट्या मालाला पायरीच छोटी घ्यावी. सूत्रातल्या पाचाच्या जागी दोन लिहिले की भाव १२ येतो, दहाची नोट आणि दोनचे नाणे. दुसरा मार्ग बिस्किटे आणि वेफर्सच्या कंपन्या वर्षानुवर्षे वापरतात. भाव दहाच ठेवायचा आणि वजन कमी करायचे. पंचवीस टक्के सुटायला खर्च आठ रुपयांत बसला पाहिजे, म्हणजे पुडी साधारण ४५ ग्रॅमची करावी लागेल. पिशवीचा खर्च कमी होत नाही, तेव्हा आणखी एखादा ग्रॅम काढावा लागेल. मात्र पुडीवर छापलेले वजनही तेच असले पाहिजे. पन्नास छापून पंचेचाळीस भरणे ही फसवणूक आहे.

सगळ्यात महाग पडणारी चूक पुढच्या वर्षी होते. तेल-डाळ महागली म्हणून भाव पाच टक्के वाढवायचे ठरते आणि मागच्या वर्षीचे, आधीच वर चढवलेले भाव पुन्हा सूत्रात घातले जातात. चिवड्याचे ६५ धरून वाढवत गेले आणि दर वर्षी वर चढवले, तर तो तीन वर्षांत ७०, ७५, ८० असा जातो. मूळचे ६२ धरून तीच पाच टक्के वाढ हिशेबात चालू ठेवली आणि फक्त शेवटी ROUNDसकट वर चढवले, तर ६५, ७० आणि ७५ येतात. खर्च तेवढाच वाढला, भाव मात्र पाच रुपयांनी पुढे गेला. वर चढवलेला आकडा फक्त फलकासाठी असतो. हिशेब नेहमी त्याच्या आधीच्या रकान्यातून पुढे न्यावा. जीएसटी लागत असेल तर तोही आधी मिळवावा आणि वर चढवण्याचे काम सर्वांत शेवटी, एकदाच करावे. नाहीतर कराआधी ६५ केलेला भाव पाच टक्के कर लागून ६८ रुपये २५ पैसे होतो आणि सगळी खटपट वाया जाते.

सवलतीच्या वेळी हे सूत्र उलटे फिरवावे लागते. ६५च्या पुडीवर दहा टक्के सूट म्हटली की ५८ रुपये ५० पैसे होतात. CEILINGने ते ६० केले तर सूट आठ टक्केही उरत नाही आणि फलकावर दहा लिहिलेले असतात. तिथे खाली उतरवणारे FLOOR वापरावे, =FLOOR(C2*0.9,5), म्हणजे ५५ येतील. तेवढे परवडत नसेल तर टक्केवारी न लिहिता '६५ ऐवजी ६०' असेच लिहावे.

दुसऱ्याचा पाकीटबंद माल विकणाऱ्या किराणा दुकानदाराला याखेरीज कायद्याची मर्यादा आहे. पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही आणि सुटे नाहीत हे कारण चालत नाही. छापील किंमत ६२ असेल तर सूत्राने सांगितलेले ६५ बेकायदा आहेत. छापील किंमत D रकान्यात लिहून दोन्हींतला लहान आकडा घ्यावा:

```
=MIN(CEILING(ROUND(C2,0),5),D2)
```

शेवटी तपासणीसाठी एक जादा रकाना करा आणि त्यात नव्या भावातून जुना भाव वजा करा. स्वतःच्या मालासाठी फरक पाचापेक्षा कमीच असायला हवा. उणे आकडा पन्नास पैशांहून मोठा दिसला तर तिथे MROUND शिरले आहे, आणि साडेचाराच्या वर दिसला तर शेवेच्या पुडीसारखा पैशाचा अंश ROUND न करताच राहिला आहे. छापील किमतीच्या मालात मोठा उणे फरक आला, तर ती किंमत तुमच्या हिशेबाला पुरत नाही असा त्याचा अर्थ, आणि तो माल ठेवायचा की नाही याचा वेगळा विचार करावा लागेल. भावपत्रक छापायला देण्याआधी हा रकाना वरपासून खालपर्यंत एकदा वाचा.