सीएकडे मुदत मागताना

पगारदारांच्या आयकर रिटर्नसाठी ३१ जुलै ही तारीख वर्षानुवर्षं ठरलेली आहे. ती जवळ आली की सीएच्या ऑफिसात फोनची रीघ लागते, आणि त्यात एक विनंती हमखास असते : "सर, अचानक बाहेरगावी जावं लागतंय, कागद द्यायला जरा उशीर होईल. चालेल ना?" कुणाच्या घरी आजारपण निघालेलं असतं, कुणाला कंपनीने परदेशी धाडलेलं असतं. कारण खरं असतं आणि सीएलाही ते पटतं. अडचण अशी की या विनंतीत दोन वेगळ्या मुदती एकात मिसळलेल्या असतात.

पहिली मुदत सीएची स्वतःची. बहुतेक ऑफिसं अशिलांना जुलैच्या मध्यापर्यंत कागद मागतात, म्हणजे आकडे जुळवून, शंका विचारून रिटर्न भरायला पंधरा दिवस उरतात. ही मुदत सीए वाढवू शकतो. दुसरी मुदत कायद्याची. ती वाढवण्याचा अधिकार कुठल्याच सीएला नाही. सरकार कधीकधी ती वाढवतं. २०२५ साली ३१ जुलैची तारीख आधी १५ सप्टेंबरवर आणि मग ऐनवेळी आणखी एक दिवस पुढे गेली. पण २०२४ साली ती वाढलीच नव्हती. तेव्हा सरकार तारीख पुढे नेईल असं धरून गावाला निघणं धोक्याचं.

त्याच २०२४ सालचं एक नमुन्याचं उदाहरण आकड्यांसह पाहू. चिंचवडच्या एका कंपनीतल्या इंजिनिअर बाई. २०२३-२४ या आर्थिक वर्षाचा पगार १४ लाख रुपये. त्या जुनी करपद्धती घेतात, कारण गृहकर्जाचं व्याज २ लाख, कलम ८०सीची गुंतवणूक दीड लाख आणि आरोग्यविम्याचा हप्ता २५ हजार आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीने त्यांना तीन आठवड्यांसाठी जर्मनीला पाठवलं. कागदांची फाइल घरच्या कपाटात राहिली. आल्यावर बघू, उशिराबद्दल पाच हजार दंड भरू, असा विचार अशा वेळी सहज मनात येतो.

पण हिशेब पाच हजारांवर थांबत नाही. त्या वर्षापासून नवी करपद्धती आपोआप लागू होऊ लागली, आणि पगारदाराला जुनी हवी असेल तर ती मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते. १ ऑगस्टला भरलेल्या रिटर्नमध्ये हा पर्याय उरत नाही. बाईंच्या वजावटी, प्रमाणित वजावट ५० हजार आणि व्यवसायकर अडीच हजार धरून, ४ लाख २७ हजार ५०० होतात. जुन्या पद्धतीने उपकरासह कर येतो १,११,२८० रुपये. नव्या पद्धतीत त्यातली फक्त प्रमाणित वजावट मिळते, आणि त्या वर्षीच्या दरांनी कर होतो १,२४,८०० रुपये. म्हणजे १३,५२० रुपये जास्त. त्यावर उशिराचं शुल्क ५,०००, आणि कमी पडलेल्या करावर महिन्याला एक टक्का दराने व्याज. सुरू झालेला महिना त्यात पूर्ण धरला जातो.

बाईंना शेअर्समध्ये ४० हजारांचा तोटाही झाला होता. मुदतीत रिटर्न भरलं तर असा तोटा पुढची आठ वर्षं नफ्यातून वजा करता येतो. उशीर झाला तर तो हक्क जातो. उलट, ज्याने नवीच पद्धत घेतली आहे, ज्याला तोटा नाही आणि ज्याचा सगळा कर पगारातून कापला गेला आहे, त्याचं नुकसान मुख्यतः उशिराच्या शुल्कापुरतं राहतं. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर ते शुल्क १ हजारच आहे. म्हणून मुदत मागण्याआधी आपल्या बाबतीत तारखेवर काय अवलंबून आहे, हे सीएला विचारून घ्यावं. प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं.

आता कपाटातली फाइल. तिच्यातलं बरंचसं खरं तर कपाटाबाहेरही असतं. फॉर्म १६ कंपनीच्या पोर्टलवर किंवा ईमेलमध्ये मिळतो. गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला बँकेच्या नेटबँकिंगवर, शेअर्सच्या नफ्यातोट्याचा तक्ता ब्रोकरच्या संकेतस्थळावर मिळतो. बँकेचं व्याज, लाभांश आणि कापलेला कर आयकर विभागाच्या एआयएस आणि २६एएस या विवरणांत दिसतो. रिटर्नला कागद जोडायचे नसतात, ते विचारणा झाली तर दाखवायला जपून ठेवायचे असतात. पण म्हणून आकडे अंदाजाने सांगून चालत नाही. २०२५ पासून तर वजावटीसाठी विमा पॉलिसीचा क्रमांक, कर्जखात्याचा क्रमांक असे तपशीलही रिटर्नमध्ये विचारले जातात. कपाटातला एखादाच कागद अडला असेल तर घरच्यांकडून त्याचा स्पष्ट फोटो मागवता येतो.

हे एवढं पाहून झालं की सीएला पाठवायच्या निरोपाला नेमकेपणा येतो. बाईंचा निरोप असा असू शकतो : "नमस्कार सर. ऑफिसच्या कामासाठी उद्या जर्मनीला निघतेय, १० ऑगस्टला परत येईन. फॉर्म १६ आणि गृहकर्जाचा दाखला सोबत पाठवलाय. ब्रोकरचा तक्ता २२ तारखेपर्यंत पाठवते. विम्याच्या पावत्या घरी आहेत, त्यांचे फोटो माझे भाऊ २४ तारखेपर्यंत पाठवतील. जुनी पद्धत घ्यायची आहे आणि शेअर्सचा तोटा पुढे न्यायचा आहे, त्यामुळे ३१ जुलैच्या आत भरायलाच हवं. २४ तारीख तुम्हाला चालेल का? तुमच्या शंकांना रोज रात्री भारतीय वेळेनुसार नऊनंतर उत्तर देऊ शकेन." यातलं प्रत्येक वाक्य सीएच्या कामाचं आहे. कुठला कागद कधी येणार हे कळल्यावर तो आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाला पगाराचा भाग आधी भरून ठेवायला सांगतो, आणि या फाइलसाठी २५ तारखेनंतरचे एकदोन तास राखून ठेवतो. "जरा वेळ द्या" एवढ्या निरोपावर त्याला असं काहीच ठरवता येत नाही, आणि ती फाइल गठ्ठ्याच्या तळाशी जाते.

एवढं करूनही एखादी पावती ३१ तारखेपर्यंत मिळाली नाही, तर ती वजावट सोडून मुदतीत रिटर्न भरावं. जुनी पद्धत आणि तोटा दोन्ही वाचतात. राहिलेली वजावट नंतर सुधारित रिटर्नमध्ये घेता येते. २०२४ च्या नियमांनुसार त्यासाठी ३१ डिसेंबरपर्यंत वेळ होता. मात्र ही सोय राहून गेलेल्या गोष्टीसाठी आहे. हाती पुरावा नसताना मनाने आकडा घालून मग सुधारू, असं तिचा अर्थ लावू नये. चांगला सीए ते करणारही नाही.

परदेशी असलेल्यांची खरी गाठ पडते ती शेवटच्या पायरीशी. भरलेलं रिटर्न ३० दिवसांत पडताळावं लागतं. बहुतेक लोक आधारच्या ओटीपीने पडताळतात, आणि तो ओटीपी आधारला जोडलेल्या भारतीय मोबाइलवरच येतो. निघताना रोमिंग सुरू केलं नाही, किंवा ते सिम घरीच राहिलं, तर सीएने ३० जुलैला भरलेलं रिटर्नही अर्धवट राहतं. तीस दिवस उलटून गेल्यावर पडताळणी केली, तर पडताळणीचा दिवस हाच रिटर्न भरल्याचा दिवस धरला जातो, म्हणजे मुदतीत भरूनही रिटर्न उशिराचं ठरतं. नेटबँकिंगमधून आयकर पोर्टलवर जाऊन पडताळणी करण्याचा मार्ग आहे, पण त्या बँकेत लॉगिन करायलाही कधीकधी त्याच मोबाइलवर संदेश येतो. बाई १० ऑगस्टला परतणार असल्याने त्यांच्याकडे घरी येऊन ओटीपी टाकायला पुरेसे दिवस होते. ज्यांचा मुक्काम महिन्याहून लांबणार असेल, त्यांनी निघण्याआधीच रोमिंग चालू करून, एखादा संदेश येतो का ते तपासून घ्यावं, आणि कोणत्या मार्गाने पडताळणी करणार हेही सीएला त्याच निरोपात कळवावं.