फॉर्म भरून झाल्यावरचे तीन दिवस

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे 2025 सालचे अर्ज 7 मार्चच्या रात्री बंद झाले. दुरुस्तीसाठी खिडकी उघडली 9 मार्चला आणि मिटली 11 मार्चच्या रात्री 11 वाजून 50 मिनिटांनी. म्हणजे तीनच दिवस, आणि संधी एकदाच. एकदा दुरुस्ती करून अर्ज पुन्हा सादर केला की दुसऱ्यांदा हात लावता येत नाही.

‘आत्ता घाईत भरून टाकू, चुकलं तर दुरुस्तीत बघू’ असं मी अनेक घरांत ऐकते. यामागे एक समजूत असते, की खिडकी उघडली म्हणजे सगळा फॉर्म पुन्हा मोकळा होतो. तसं होत नाही. काही रकाने उघडतात, काही कायमचे बंद राहतात, आणि जे उघडतात त्यातले काही बंद रकान्यांना बांधलेले असतात. हा तिसरा प्रकार सर्वांत जास्त फसवतो.

आधी बंद रकाने. मोबाइल नंबर, ईमेल आणि पत्ता या तीन गोष्टी बदलता येत नाहीत. मोबाइल आणि ईमेल ही त्या अर्जाची किल्ली आहे. पासवर्ड विसरला तर ओटीपी तिथेच जातो आणि परीक्षेच्या सूचनाही तिथेच येतात. गावातल्या सायबर कॅफेत फॉर्म भरताना ‘ओटीपी पटकन मिळावा’ म्हणून दुकानदार स्वतःचा नंबर टाकतो, तेव्हा पुढचे सहा महिने त्या मुलीची किल्ली त्याच्या खिशात असते. दुरुस्तीच्या दिवसांतही ती परत घेता येत नाही. नंबर घरातल्याच कुणाचा हवा, आणि तोही वर्षभर चालू राहणारा.

आता पत्ता. पत्ता चुकला तर काय बिघडलं, पत्र थोडंच येणार आहे, असं वाटतं. पण 2025 साली परीक्षेचं शहर निवडण्याची मुभा कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता या दोहोंवरच बेतलेली होती. शहर दुरुस्तीत बदलता येत होतं, पण याच चौकटीत. आणि भाषेचा माध्यमाचा रकाना शहराला बांधलेला असतो. नीटचा पेपर तेरा भाषांत असतो. इंग्रजी आणि हिंदी देशात सगळीकडे मिळते, मराठी मात्र महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच.

समजा, बेळगावची एक मुलगी अकरावी-बारावीसाठी कोल्हापुरात राहते आहे. प्रश्न मराठीत वाचले की तिला लवकर उमगतात, म्हणून तिला मराठी माध्यम हवं आहे. फॉर्म भरताना कायमचा पत्ता बेळगावचा लिहिला. पुढे प्रश्न आला, दोन्ही पत्ते एकच आहेत का? टायपिंग वाचतं म्हणून ‘होय’ करून टाकलं. त्या एका क्लिकने तिचे दोन्ही पत्ते कर्नाटकातले झाले. मग शहरं दिसणार ती कर्नाटकातली, आणि तिथे मराठी पेपर नाही. 9 मार्चला खिडकी उघडल्यावर ती शहराच्या रकान्यात जाईल, माध्यमाच्या रकान्यात जाईल. दोन्ही उघडे असतील. पण कोल्हापूर मिळवून देणारा पत्त्याचा रकाना बंद असेल. तिची चूक माध्यमात किंवा शहरात झालेलीच नाही, ती झाली आहे त्या ‘होय’मध्ये. बेळगाव-निपाणीपासून मध्य प्रदेश-तेलंगणाच्या सीमेपर्यंतच्या आणि शिकायला परराज्यात राहणाऱ्या मराठी मुलांनी सध्याचा पत्ता वेगळा, जिथे खरोखर राहतो तोच लिहावा.

आईवडिलांच्या रकान्यांचा नियमही नीट वाचण्यासारखा आहे. वडिलांचं नाव, शिक्षण, व्यवसाय हा एक गट आणि आईचा तसाच दुसरा. दोहोंपैकी कोणत्याही एकाच गटात बदल करता येत होता. दोन्हीकडे चूक असेल तर एक निवडावा लागतो. अशा वेळी मी दहावीची गुणपत्रिका समोर ठेवायला सांगते. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचं आणि मग वडिलांचं नाव अशी एकच ओळ असते. आईचं नाव वेगळ्या ओळीत छापलेलं असतं. कागद तपासणाऱ्याला कोणती चूक आधी दिसेल, ते यावरून ठरवता येतं. व्यवसायात ‘शेती’ऐवजी ‘इतर’ झालं असेल तर त्यासाठी ही एकुलती एक संधी खर्चू नये. विद्यार्थ्याचं स्वतःचं नाव मात्र त्या वर्षीच्या नीटच्या यादीत नव्हतंच.

इथे एक इशारा द्यायला हवा. ही यादी सगळ्या परीक्षांना सारखी नसते. त्याच एनटीएच्या जेईई मेनसाठी नोव्हेंबर 2024 मध्ये जी दुरुस्ती झाली, तिच्यात स्वतःचं, वडिलांचं किंवा आईचं यांपैकी एक नाव बदलता येत होतं आणि फोटो मात्र बंद होता. थोरल्या भावाच्या अनुभवावरून धाकटीचा फॉर्म दुरुस्त करायला बसू नये. त्या वर्षीची, त्या परीक्षेची सूचना उघडावी.

नीटच्या उघड्या रकान्यांत दहावी-बारावीचा तपशील, पात्रतेचं राज्य, प्रवर्ग, दिव्यांगत्व, सही आणि आधी किती वेळा परीक्षा दिली, हे येत होतं. यांतला सर्वांत मोलाचा प्रवर्ग. नीटच्या फॉर्मवर केंद्राचे प्रवर्ग असतात. आपल्याकडचे एनटी, व्हीजे किंवा एसईबीसी हे पर्याय तिथे नसतात, म्हणून गोंधळून अनेक जण ‘जनरल’ करतात. धनगर समाज राज्यात एनटी-सी आहे, पण केंद्राच्या यादीत तो ओबीसीत आहे. अशा मुलाकडे केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र असेल तर त्याने ओबीसी निवडायला हवं. अखिल भारतीय कोट्याच्या फेऱ्यांत हाच प्रवर्ग पुढे जातो. राज्याच्या जागांसाठी सीईटी कक्ष वेगळी नोंदणी घेतो आणि एनटी किंवा एसईबीसी तिथे सांगायचं असतं.

प्रवर्ग बदलला की शुल्कही बदलतं. 2025 साली खुल्या गटाला 1700 रुपये, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला 1600, एससी, एसटी आणि दिव्यांगांना 1000 रुपये होते. जनरलवरून ओबीसी केलं तर जादा गेलेले 100 रुपये परत मिळत नाहीत. उलट ओबीसीवरून जनरल केलं तर 100 रुपये भरावे लागतात, आणि ते जमा झाल्यावरच बदल लागू होतो. नुसतं ‘सेव्ह’ करून उठलात तर जुनाच प्रवर्ग राहतो. शेवटच्या रात्री साडेअकराला पैसे कापले गेले आणि पान गोल गोल फिरत राहिलं, की धावपळ करायलाही वेळ उरत नाही. पहिल्याच दिवशी केलं तर अडकलेल्या पैशांचा पाठपुरावा करायला दोन दिवस हाती असतात.

बदल खरंच झाला का, हे ओळखायची खूण एकच. पुन्हा लॉगिन करून ‘कन्फर्मेशन पेज’ नव्याने उतरवून घ्यायचं. माझ्या भाचीने दुरुस्ती केली त्या संध्याकाळी आम्ही जुनं आणि नवं पान जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं. ती नव्या पानावरची एकेक ओळ मोठ्याने वाचत होती आणि मी जुन्या पानावर पेन्सिलने टिंब देत होते. बारावीचा बैठक क्रमांक तिने दुरुस्त केला होता, तो बरोबर आला होता. पण वाचता वाचता सहीपाशी ती थांबली. फॉर्म भरताना चढवलेल्या फोटोत सहीचं शेवटचं अक्षर कापलं गेलं होतं. सहीचा रकाना त्या खिडकीत उघडा होता, पण आमची एकदाची संधी दुपारीच वापरून झाली होती. ही दोन पानं आम्ही खिडकी उघडण्याच्या आदल्या दिवशी, मूळ अर्ज आणि गुणपत्रिका घेऊन अशीच शेजारी ठेवायला हवी होती.