स्वतःच्या कारवर ड्रायव्हिंग शिकताय? आधी हँडब्रेक कुठे आहे ते बघा

घरात कार आहे, मग शिकायलाही तीच वापरू, असं अनेकांना वाटतं. मात्र ड्रायव्हिंग स्कूलच्या कारमध्ये प्रशिक्षकाच्या पायाशीही ब्रेक असतो, तुमच्या कारमध्ये नसतो. तिथे त्याच्या हाती उरतो फक्त दोन सीटमधला हँडब्रेक. म्हणून सुरुवातीचे तीन-चार धडे स्कूलच्या कारवर घ्या, मग स्वतःची कार काढा.

नियम काय सांगतो?
लर्निंग लायसन्स 6 महिने चालतं. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी आणि तिला गाडी थांबवता येईल अशा जागी ती बसलेली हवी. हे पाळलं नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते.

पॅकेज घेताना काय विचाराल?
समजा, 10 दिवस रोज 30 मिनिटं, म्हणजे 5 तास. त्यातली रोज 10 मिनिटं प्रशिक्षकच गाडी मैदानापर्यंत नेण्या-आणण्यात घालवत असेल, तर स्टिअरिंग तुमच्या हाती 3 तास 20 मिनिटंच. पेट्रोलही तुमचंच. त्यामुळे वेळ कुठून मोजणार, हे पैसे भरण्याआधीच ठरवा.