जुना स्कॅन हवा? आदल्या दिवशी मागवा

समजा, पिपरी मेघेतल्या एका रुग्णाचा सीटी स्कॅन दोन वर्षांपूर्वी रुग्णालयाने अ‍ॅमेझॉनच्या ‘एस-थ्री’ क्लाउडवर ठेवला. ‘180 दिवसांनी डीप आर्काइव्हमध्ये हलवा’ असा लाइफसायकल नियम असेल, तर तो स्कॅन आपोआप सर्वांत स्वस्त साठ्यात गेलेला असतो. हा नियम दिवस मोजतो ते फाइल चढवल्यापासून. ती कालच कुणी उघडली होती का, हे तो पाहत नाही.

आज तुलनेसाठी डॉक्टरांनी तो स्कॅन मागितला, तर फाइल यादीत दिसते, पण उघडत नाही; `InvalidObjectState` असा संदेश येतो. आधी ‘रिस्टोअर’ची विनंती करावी लागते. डीप आर्काइव्हमधून फाइल परत यायला 12 तासांपर्यंत लागतात, स्वस्त ‘बल्क’ पर्यायात 48 पर्यंत. मिळते ती ठरावीक दिवसांपुरती प्रत, आणि तेवढे दिवस मूळ फाइल व प्रत, दोन्हींचे भाडे लागते.

म्हणून फेरतपासणीच्या तारखेच्या आदल्या दिवशी रिस्टोअरची विनंती पाठवणे उत्तम. अपघात विभागाला मात्र तारीख आधी कळत नसते. तिथे लागू शकणारे स्कॅन ‘ग्लेशियर इन्स्टंट रिट्रीव्हल’मध्ये ठेवावेत; भाडे जास्त, पण फाइल लगेच उघडते.