रोपवाटिकेचे खत डिसेंबरात सुरू होते

भिवंडीहून वाड्याकडे जाताना लागणाऱ्या अंबाडी परिसरात भाताची रोपे लावायची तर आधी राब भाजायचा, अशी जुनी रीत आहे. शेण, पालापाचोळा आणि पेंढा वाफ्यावर पसरून उन्हाळ्यात जाळतात आणि त्या जागेवर पावसाच्या सुरुवातीला बी पेरतात. राखेतून रोपांना पोटॅश मिळते आणि तणाचे बी जळून जाते, हा त्याचा फायदा. पण शेणापाल्यातले नत्र मात्र धुरात जाते. तोच माल गांडुळांना दिला तर नत्र खतात राहते. फक्त हे खत मे महिन्याच्या अखेरीस हातात हवे असेल, तर कामाला नोव्हेंबरातच लागावे लागते. ते कसे, हे आपण एका वाफ्याच्या हिशोबाने पाहू.

वाफा १० फूट लांब आणि ३ फूट रुंद असावा. रुंदी यापेक्षा वाढवली तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचत नाही. भिंती दीड फूट उंच, विटांच्या किंवा बांबूच्या चालतात. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच घ्यावा. त्याला एका टोकाकडे दोन इंच उतार द्यावा आणि तिथे जाळी लावलेले भोक ठेवावे. वर पेंढ्याचे किंवा पत्र्याचे छप्पर हवेच, आणि ते चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर आलेले असावे. वाफ्याभोवती पाण्याचा चर राखला की मुंग्या येत नाहीत. उंदीर, चिचुंद्री आणि कोंबड्या यांच्यासाठी वरून जाळी घालावी.

आता खाद्य. भाताची झोडणी झाली की पेंढा मोकळा होतो. या वाफ्यासाठी ८० किलो पेंढा, ३०० किलो शेण आणि ६० किलो गिरिपुष्पाचा हिरवा पाला किंवा भाजीचा कचरा घ्यावा. पेंढ्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी असते, त्यामुळे नुसता पेंढा महिनोन्‌महिने कुजत नाही. शेण आणि गिरिपुष्प ही नत्राची उणीव भरून काढतात. पेंढ्याचे वीतभर तुकडे करून ते रात्रभर भिजवावेत. मग तिन्ही वस्तूंचे थर देऊन वाफ्याबाहेर सावलीत ढीग करावा.

हा ढीग तीन-चार दिवसांत चांगलाच तापतो. ही उष्णता आपल्या कामाची आहे, कारण राब जाळून मरणारे तणाचे बी इथे बरेचसे तिच्यानेच मरते. मात्र ढिगाच्या बाहेरच्या अंगाला ती पोहोचत नाही. म्हणून आठ दिवसांनी ढीग उलटा करावा आणि बाहेरचा माल आत घालावा. साधारण २० दिवसांनी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहावे. आत ऊब लागली तर थांबावे. ३५ अंशांच्या वर गांडुळे तग धरत नाहीत. ताज्या शेणात सोडलेली गांडुळे पहिल्या आठवड्यात मेली, अशी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच असते.

ढीग नोव्हेंबरच्या मध्याला रचला तर ५ डिसेंबरच्या सुमारास तो थंड होतो. मग माल वाफ्यात फूटभर उंच भरावा. तो साधारण ४०० किलो भरतो. त्यावर चार किलो गांडुळे सोडावीत. जात आयसेनिया फेटिडा असावी, म्हणजे तांबडी, अंगावर पट्टे असलेली, वरच्या थरात राहून कुजका पाला खाणारी. पावसाळ्यात शेतात दिसणारी गांडुळे माती खाणारी असतात, ती वाफ्यात टिकत नाहीत.

चारच किलो का? गांडूळ दिवसाला आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास खाते. म्हणजे चार किलो गांडुळे रोज दोन किलो माल संपवतील. दोन महिन्यांत त्यांचे वजन दुप्पट होते आणि खाणेही दुप्पट होते. बाकीचा माल जिवाणू मोडतात. त्यामुळे पहिले खत व्हायला ७५ ते ८० दिवस लागतात, पण दुसऱ्या खेपेला आठ किलो गांडुळे कामाला असतात आणि ५० दिवस पुरतात. सुरुवातीला एकच किलो गांडुळे सोडली तर पैसे वाचतात, पण पहिली खेपच पावसाळ्यापर्यंत रेंगाळते.

ओलाव्यासाठी यंत्र लागत नाही. वाफ्यातला मूठभर माल घट्ट पिळावा. बोटांतून दोन-चार थेंब आले तर ओलावा बरोबर. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी. वर गोणपाट ओले ठेवावे. थंडीत तिसऱ्या दिवशी, एप्रिल-मेमध्ये रोज संध्याकाळी पाणी शिंपडावे. पाणी जास्त झाले की मालाला आंबूस वास येतो आणि गांडुळे रात्री भिंतींवर चढू लागतात. तसे दिसले तर पाणी बंद करावे, माल हलक्या हाताने मोकळा करावा आणि त्यात कोरडा पेंढा मिसळावा.

खत तयार झाल्याची खूण म्हणजे काळपट, चहाच्या पावडरीसारखे दाणे. शेणाचा वास जातो आणि थर निम्मा खाली बसतो. त्यानंतर वाफा तसाच ठेवू नये, उपाशी गांडुळे बारीक होतात आणि निघून जातात. पाणी चार-पाच दिवस आधी थांबवावे, मग वाफ्यातच माल शंकूच्या आकाराने रचून वरचे गोणपाट काढावे. उजेड टाळण्यासाठी गांडुळे खाली जातात. काही तासांनी वरचे खत काढून घ्यावे. तळाचा गांडुळांचा भाग पुढच्या खेपेचे बियाणे असतो. पुढचा ढीग मात्र २० दिवस आधीच रचलेला हवा.

अशा हिशोबाने पहिले खत २० फेब्रुवारीच्या सुमारास, दुसरे १० एप्रिलला आणि तिसरे मेच्या अखेरीस निघते. प्रत्येक वेळी दीडशे ते पावणेदोनशे किलो मिळते. फेब्रुवारीचे खत उन्हाळी भेंडी-काकडीला घालावे. एप्रिलचे सावलीत गोणपाटाखाली किंचित ओलसर ठेवावे, उन्हात वाळवू नये. ते आणि मेचे मिळून तीनशे किलो होते. एक एकर लावणीला चार गुंठ्यांची रोपवाटिका लागते, म्हणजे गुंठ्याला ७५ किलो खत येते. ते पेरणीआधी वरच्या दोन इंच मातीत मिसळावे.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. या खताने मातीत आधीच पडलेले तणाचे बी मरत नाही. राब सोडला तर रोपवाटिकेत एक खुरपणी वाढते. ती मजुरी जळणाऱ्या शेणापाल्याच्या शेजारी मांडून प्रत्येकाने आपला हिशोब करावा. पहिल्या वर्षी दोन गुंठे राबाचे आणि दोन गुंठे गांडूळखताचे ठेवले, तर लावणीच्या वेळी दोन्हीकडची रोपे उपटून शेजारी ठेवता येतात. मुळे कोणाची लांब आणि देठ कोणाचा जाड, हे तेव्हा डोळ्यांनीच दिसते.