वाहनकर्जाची बाकी: रोज बदलणारा आकडा

सहा लाखांचं मोटारकर्ज, व्याज ९ टक्के, मुदत ६० महिने. हप्ता बसतो साधारण १२,४५५ रुपये. ३६ हप्ते फेडून झाले आणि हातात एकरकमी पैसे आले, तर बाकी किती उरली?

पाचातली तीन वर्षं सरली, म्हणजे मुद्दल २,४०,००० उरली असेल, असं आधी मनात येतं. कुणी उरलेले २४ हप्ते गुणून २,९८,९२० म्हणेल. खरी मुद्दल या दोन्हींच्या मधे आहे, सुमारे २,७२,६३० रुपये. आणि तीही छत्तिसावा हप्ता जमा झाला त्या दिवसापुरतीच! दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर रोज जवळपास ६७ रुपये व्याज चढू लागतं.

हप्ता पाच वर्षं तोच असला, तरी त्याच्या पोटात केवढी उलथापालथ चालते! पहिल्या हप्त्यातले ४,५०० रुपये व्याजात जातात, सदतिसाव्यातले सुमारे २,०४५, आणि शेवटच्या हप्त्यात व्याज उरतं अवघं ९३ रुपये. मुद्दल आधी सावकाश आणि नंतर भराभर फिटते, म्हणून ‘पाचातली तीन वर्षं’ हा हिशेब फसतो.

बाकी अशी रोज हलत असल्यामुळे बँकेला पाठवायच्या पत्राचा जीव तारखेत असतो. ‘माझी बाकी कळवा’ एवढंच लिहिलं, तर बँक आजचा आकडा देईल आणि तुम्ही पैसे भराल आठवड्याने. म्हणून पैसे भरण्याचा दिवस आधी ठरवावा आणि मग लिहावं:

प्रति, शाखा व्यवस्थापक, वाहनकर्ज विभाग.
विषय: वाहनकर्ज मुदतीपूर्वी बंद करण्यासाठी फोरक्लोजर स्टेटमेंट मिळणेबाबत.
महोदय, माझ्या नावे वाहनकर्ज खाते क्र. ……, वाहन क्र. …… आहे. हे कर्ज मी दि. २० रोजी पूर्ण फेडू इच्छितो. त्या तारखेची मुद्दल बाकी, चालू महिन्याचे व्याज, थकबाकी असल्यास ती, मुदतपूर्व फेडीचे शुल्क आणि त्यावरील जीएसटी वेगवेगळे दाखवणारे स्टेटमेंट द्यावे. दर दिवसाचे व्याज, स्टेटमेंट कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे आणि रक्कम कशी भरायची, हेही कळवावे. पुढील हप्त्याची खात्यातून होणारी कपात थांबवावी, ही विनंती.
आपला विश्वासू, ……

‘वेगवेगळे’ या शब्दावर अडून राहावं, कारण सुट्या रकमा घरी कागदावर पडताळता येतात. हप्त्याची तारीख ५ आणि फेड २० तारखेला, तर १५ दिवसांचं व्याज सुमारे १,००८ रुपये. शुल्क ३ टक्के धरलं तर ८,१७९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,४७२. एकूण जवळपास २,८३,२८९ रुपये. उरलेल्या हप्त्यांच्या बेरजेपेक्षा हे सुमारे १५,६०० रुपयांनी कमी आहे.

हेच कर्ज ४८ हप्त्यांनंतर बंद केलं, तर वाचण्याजोगं व्याजच सात हजारांच्या आसपास उरतं. शुल्क आणि कर त्यातले पाच हजार खातात, आणि बचत दीड-दोन हजारांवर येते. म्हणून शुल्काचा दर पत्र देण्याआधीच करारात पाहावा. वैयक्तिक, बिनव्यावसायिक कर्जाचा व्याजदर बदलता असेल, तर बँकेला हे शुल्क घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच ते बंद केलं. मात्र वाहनकर्जं बहुतेक स्थिर दराची असतात आणि तिथे करारातलं शुल्क लागतं.

आकडा अनपेक्षितपणे मोठा आला, तर आधी शेवटचा हप्ता पाहावा. तो खात्यातून गेला, पण कर्जखात्यात अजून वटलेला नसेल, तर स्टेटमेंटमध्ये थकीत दिसतो. हप्त्याच्या तारखेनंतर चार-पाच दिवसांनी स्टेटमेंट मागितलं, तर हा घोळ सहसा होत नाही. उलट, ग्राह्य तारीख उलटल्यावर जुनीच रक्कम भरली, तर थोडीशी बाकी मागे राहते आणि कर्ज चालूच राहतं. पैसे भरताना ते कर्ज बंद करण्यासाठी आहेत, असं लेखी नोंदवून पोच घ्यावी.

खातं शून्यावर आलं, तरी गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा तसाच असतो. तो उतरवण्यासाठी बँकेकडून ना-हरकत प्रमाणपत्र आणि तिची सही-शिक्का असलेला फॉर्म ३५ घ्यावा आणि आरटीओकडे अर्ज करावा. ना-हरकतीची मुदत बहुधा तीन महिन्यांची असते. ती टळली तर नवीन मागावं लागतं. बोजा उतरल्यावर विमा पॉलिसीतूनही बँकेचं नाव काढून घ्यावं.